ऑफिसातला सहकारी सारखे हातउसने मागतो: नाही कसं म्हणायचं आणि बोलणं कसं टिकवायचं

मी पुण्यात अकाउंट्सला 14 वर्षं आहे, आधी भोसरीला एका कारखान्याच्या ऑफिसात होते आता खराडीला आहे, आणि हा एक प्रॉब्लेम माझ्या वाट्याला चार वेळा आलाय. पहिल्या दोन वेळा मी तो पार चुकीचा हाताळला, एकदा पैसे गेले आणि एकदा पैसे परत मिळाले पण बोलणं कायमचं बंद झालं. नंतरच्या दोन वेळा नीट जमलं. मधल्या काळात आमच्या डब्याच्या टेबलावर पाच-सहा जणींचं हेच गाऱ्हाणं सोडवायला मदत केली. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते, सोप्यापासून अवघडाकडे. शेवटच्या गोष्टींची गरज बहुतेकांना पडणार नाही.

आधी लक्षणं बघा

रक्कम नेहमी अशी असते की नाही म्हणायला आपल्यालाच लाज वाटावी. 200, 300, 500. पाच हजार मागितले असते तर आपण सरळ नाही म्हणलो असतो, पण तीनशेला कसं नाही म्हणायचं?

मागायची जागा ठरलेली असते, चहाच्या टपरीवर आपण क्यूआर स्कॅन करून फोन खिशात ठेवत असतो तेव्हा, किंवा लिफ्टमध्ये, किंवा दुपारी चॅटवर नुसतं "ताई आहेस का" येतं आणि पुढे काही टाइप होत नाही. पहिल्या वेळी पैसे सांगितलेल्या तारखेच्या आधीच परत येतात, म्हणून दुसऱ्या वेळी आपण विचारही करत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून थोडे कमी येतात, "बाकीचे पुढच्या आठवड्यात", आणि ते बाकीचे पुढच्या उसन्यात मिसळून जातात.

सगळ्यात पक्कं लक्षण मात्र आपल्यात दिसतं. आपण जेवायची वेळ बदलतो, तो पॅन्ट्रीत असेल तर पाणी नंतर भरू म्हणतो, त्याने बाहेरून बिर्याणी मागवलेली दिसली की मनात हिशोब सुरू होतो. एवढं झालं असेल तर ऑकवर्डनेस आलेलाच आहे, नाही म्हणल्याने तो येईल अशी भीती बाळगण्यात अर्थ नाही.

एक वेगळं काढते. कुणाच्या घरी अचानक दवाखाना निघाला आणि त्याने एकदाच मोठी रक्कम मागितली, तर तो प्रश्न वेगळा, तिथे द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि चार जण मिळून जेवायला गेलो, एकाने बिल भरलं, बाकीच्यांनी पाठवायचं राहिलं, ती पण उसनवारी नाही, तिथे ग्रुपवर एक आठवण टाकली की काम होतं. इथे मी बोलतेय ते परत परत येणाऱ्या छोट्या उसन्याबद्दल.

पहिली तपासणी: फोनमधला हिशोब उघडा

याला पैसे लागत नाहीत आणि दहा मिनिटं पुरतात. गुगल पे किंवा फोनपे उघडा, त्या माणसाच्या नावावर टॅप करा, आजवरची सगळी देवघेव खाली ओळीने दिसते. रोख दिले असतील तर आठवून जोडा. कागदावर तीन रकाने करा, तारीख, दिले, आले.

हे आधी का करायचं, तर आपली आठवण दोन्ही बाजूंनी फसवते. रागात असलो तर वाटतं याने दहा हजार बुडवले, मऊ झालो तर वाटतं जाऊदे पाचशेच तर आहेत. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, तारखा बघितल्या की समोरच्याची अडचण कुठल्या जातीची आहे ते कळतं.

माझाच एक कागद सांगते. हा मुलगा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, कामाला चोख, मला ताई म्हणायचा. आमचा पगार 1 तारखेला होतो. सप्टेंबरमध्ये त्याने 24 ला 300 घेतले, 28 ला 500, आणि 1 ऑक्टोबरला सगळे 800 परत. ऑक्टोबरमध्ये 19 ला 500, 24 ला 700, 27 ला 500, म्हणजे 1,700, त्यातले 1,500 आले. नोव्हेंबरमध्ये 4 ला 1,000, 13 ला 500, 20 ला 800, म्हणजे 2,300, त्यातले 1,500 आले. डिसेंबरमध्ये 4 ला 1,500, 11 ला 500, 17 ला 700, एकूण 2,700, आले 1,200. जानेवारीत 4 ला 700. बारा वेळा मिळून 8,200 दिले, 5,000 आले, 3,200 बाकी.

रकमा बाजूला ठेवा आणि नुसत्या तारखा वाचा. सप्टेंबरमध्ये महिन्यातलं पहिलं मागणं 24 ला, ऑक्टोबरमध्ये 19 ला, आणि नोव्हेंबरपासून चक्क 4 ला. 1 ला पगार झालेला माणूस 4 ला हजार रुपये का मागतो? कारण 5 तारखेला हप्ता कापला जाणार असतो आणि खात्यात तेवढे उरलेले नसतात, हप्ता बाउन्स झाला तर बँकेचा दंड वेगळा. म्हणजे सप्टेंबरमध्ये त्याला महिनाअखेर जड जात होती आणि नोव्हेंबरपर्यंत त्याचं सगळं गणित हप्त्यांच्या ताब्यात गेलं होतं. मी दिलेल्या पाचशेने त्यातलं काहीच सुटत नव्हतं, फक्त एक दिवस पुढे ढकलला जात होता.

तुमच्या कागदावर सगळ्या तारखा 22 च्या पुढच्याच असतील आणि पैसे पूर्ण परत येत असतील तर प्रकरण साधं आहे, खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या तपासणीत मिटेल. तारखा पुढे सरकत येताहेत आणि बाकी वाढतेय असं दिसलं तर समजा की याची टोपी त्याला चाललंय. मला डिसेंबरमध्ये जे 1,200 परत आले ते त्याने त्याच दिवशी सकाळी आमच्या डिस्पॅचवाल्या दादांकडून घेतले होते, हे मला फेब्रुवारीत कळलं.

दुसरी तपासणी: आपण आजवर काय उत्तर दिलं

यालाही पैसे लागत नाहीत, पण स्वतःशी खरं बोलावं लागतं. गेल्या चार-पाच वेळा आपण काय म्हणालो ते शब्दशः आठवा. बहुतेक वेळा यातलं काहीतरी निघतं: "आत्ता नाहीयेत रे", "संध्याकाळी बघते", "खात्यात कमी आहेत", "ह्यांना विचारायला लागेल".

यातलं एकही उत्तर नाही म्हणत नाही. "आत्ता नाहीयेत" म्हणजे उद्या असतील, म्हणून तो उद्या येतो, यात त्याची काय चूक. "संध्याकाळी बघते" म्हणजे तो संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाला विचारत नाही, आणि संध्याकाळी आपण नाही म्हणलो तर तेव्हा मात्र त्याला खरंच वाईट वाटतं कारण त्याने दिवसभर आपल्यावर भरवसा ठेवलेला असतो. "खात्यात कमी आहेत" म्हणल्यावर दुसऱ्या दिवशी आपण नवीन चप्पल घालून गेलो की ते खोटं पडतं, मग आपणच खरेदी लपवत बसतो. आणि नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव पुढे करणं मला सगळ्यात जास्त खटकतं, ज्याचा काही संबंध नाही त्याला आपण वाईट ठरवतो, आणि वर "विचारून सांगते" म्हणजे आणखी एक वायदा.

कारण दिलं की समोरचा त्या कारणावर उपाय सुचवतो, हे पैशाच्या बाबतीत हमखास होतं. पाचशे नाहीत? बरं दोनशे दे. आज नाहीत? बरं उद्या. रोख नाहीत? बरं फोनवरून पाठव. तो काही लबाडी करत नसतो, आपणच दार अर्धं उघडं ठेवलेलं असतं.

आणखी एक बघून घ्या, आपण स्वतः त्याच्याकडून किंवा इतरांकडून ऑफिसात उसने घेतो का. सुट्टे नाहीत म्हणून रिक्षाला घेतलेले पन्नाससुद्धा मोजा. घेत असाल तर आधी ते फेडा आणि थांबवा, नाहीतर पुढचं वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही आणि समोरच्याच्या ते लगेच लक्षात येतं.

तिसरी तपासणी: एकच वाक्य, दर वेळी तेच

बहुतेक जणांचं काम इथेच होतं. मी जे वाक्य वापरते ते असं: "अरे, ऑफिसात उसनवारी करायची नाही असं मी ठरवलंय, कुणाशीच."

यातला एकेक शब्द का आहे ते सांगते. "ठरवलंय" मध्ये आज पैसे आहेत की नाहीत हा प्रश्नच येत नाही, त्यामुळे खोटं बोलावं लागत नाही आणि उद्या परत तपासायला जागा राहत नाही. "कुणाशीच" असल्यामुळे त्याला हा स्वतःचा अपमान वाटत नाही. आणि हे "कुणाशीच" खरं असायला लागतं. त्याला नाही म्हणून त्याच आठवड्यात पलीकडच्या मैत्रिणीला हजार दिले तर ऑफिसात दोन दिवसांत कळतं, आणि मग त्याने जे मनाला लावून घेतलं ते योग्यच असतं.

वाक्यात सॉरी घालू नका, फार वाटलं तर एकदा, तीनदा सॉरी म्हणलं की समोरच्याला वाटतं ही पाघळतेय, अजून थोडं लावून धरू. आवाज नेहमीचा ठेवा, ज्या आवाजात आपण "ती फाईल अजून आली नाहीये" म्हणतो त्याच आवाजात. आणि वाक्य संपलं की तिथे शांतता ठेवू नका, लगेच कामाचं काहीतरी विचारा. खरी अवघड असते ती वाक्यानंतरची शांतता. दोघंही खाली बघत उभे राहतात, आणि ती शांतता भरून काढायला आपण "बरं घे शंभर" म्हणून टाकतो. मी हे केलंय.

जानेवारीच्या शेवटी प्रत्यक्षात असं झालं. संध्याकाळी साडेपाचची वेळ, मी बॅग भरत होते, तो खुर्ची सरकवत जवळ आला.

"ताई, पाचशे होतील का? 1 तारखेला नक्की."

"अरे, ऑफिसात उसनवारी करायची नाही असं ठरवलंय मी आता, कुणाशीच. त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं क्रेडिट नोट आलं का?"

"नाही आलं अजून. ताई फक्त दोनशे तरी, पेट्रोलला."

"नाही रे, ठरवलंय ते ठरवलंय. क्रेडिट नोट उद्या सकाळी त्याच्याकडून मागून घे, नाहीतर महिना बंद करताना आपण अडकू."

"तुझा विश्वास नाहीये का माझ्यावर?"

इथे मी थांबले कारण हा प्रश्न बोचतो, आणि त्याला उत्तर द्यायला गेलं की अर्धा तास जातो. मी म्हणाले, "विश्वास आहे म्हणून तर क्लोजिंग तुझ्याबरोबर करते. पैशाचं मात्र नाही." आणि बॅग उचलली. तो "बरं" म्हणाला. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा नाही. माझे हात गार पडले होते, पण त्याला ते दिसलं नसावं.

बघा, त्याने तीन वेळा तीन वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं आणि मी तीनही वेळा तेच सांगितलं, नवीन कारण एकही दिलं नाही. नवीन कारण दिलं की पहिलं कारण खोटं होतं असं दिसतं.

चॅटवर आलं तरी तेच वाक्य, फक्त लवकर टाका. वाचून दोन तास गप्प बसलं की तो तिकडे आशेवर राहतो आणि आपण इकडे उत्तर घोळवत बसतो. आणि नुसतं "आहेस का" आलं तर "बोल, कामाचं काही?" एवढंच लिहा, बऱ्याचदा पुढचं मागणं येतच नाही.

एवढं सगळं त्याने मागायच्या आधीच बोलून टाकता आलं तर त्याहून चांगलं. 25 तारखेच्या सुमारास डब्याच्या टेबलावर सहज म्हणायचं की मी ह्या वर्षीपासून ऑफिसात घेणं-देणं बंद केलंय, हिशोब लक्षात राहत नाहीत. कुणाचं नाव नाही, कुणाकडे बघणं नाही. ज्याने ऐकायचं तो ऐकतो, आणि त्याला चारचौघांत नकार मिळत नाही.

चौथी तपासणी: आधीची बाकी

इथे एक चूक जवळपास सगळे करतात, मीही केली होती. "आधीचे दे, मग पुढचे देते" असं म्हणायचं. हे ऐकायला बरोबर वाटतं पण हा नकार नाहीये, ही अट आहे. तो कुठून तरी 3,200 आणतो, आपल्या हातात ठेवतो आणि चौथ्या दिवशी 4,000 मागतो, आता आपण कुठल्या तोंडाने नाही म्हणणार, आपणच शब्द दिलेला. भोसरीला माझं अगदी असंच झालं आणि ती मोठी रक्कम शेवटपर्यंत आली नाही.

म्हणून नवीन उसनं आणि जुनी बाकी यांची गाठ बांधू नका. नवीनला नाही, ते झालं. बाकीचं वेगळ्या दिवशी, एकट्याला, आणि लेखी. मी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला पगार झाल्यावर दुपारी हा मेसेज टाकला: "आपला हिशोब काढला, 3,200 राहिलेत. एकदम नको, दर महिन्याच्या 2 तारखेला 800 असे चार महिने पाठव, फेब्रुवारी ते मे. तुझ्या हिशोबात फरक असेल तर सांग." सोबत तारखांचा कागद फोटो काढून जोडला.

2 तारीख यासाठी की पगार 1 ला होतो आणि हप्ते 5 ला कापले जातात, मधल्या दिवसांतच त्याच्याकडे पैसे असतात. 800 यासाठी की एकदम मागितले तर तो दुसऱ्याकडून उचलून देणार, म्हणजे माझा प्रॉब्लेम डिस्पॅचवाल्या दादांकडे सरकणार. आणि शेवटचं वाक्य यासाठी की आपलीही नोंद चुकू शकते. त्याने खरंच दाखवून दिलं की नोव्हेंबरमध्ये त्याने माझ्या डब्याच्या बाईंना माझे 200 दिले होते, मी विसरले होते. 3,000 झाले, हप्ता 750 झाला.

रक्कम अगदी छोटी असेल, 500-700, तर सोडून द्यायचा पर्याय पण आहे. पण मग मनातल्या मनात पूर्ण सोडा आणि त्याला किंवा इतर कुणाला "मी सोडले" असं सांगायला जाऊ नका. सांगितलं की ते उपकार होतात, आणि उपकाराखाली दबलेला माणूस उसन्याखाली दबलेल्यापेक्षा जास्त तोंड चुकवतो.

कुणीतरी सुचवतं की व्याज लाव म्हणजे मागायचा थांबेल. हे अजिबात करू नका. महाराष्ट्रात सावकारीचा 2014 चा कायदा आहे आणि परवान्याशिवाय व्याजाने पैसे फिरवायचा धंदा केला तर तो गुन्हा आहे. एकदा व्याज घेतलं म्हणून कुणी सावकार होत नाही, पण पगारदार माणसाने त्या वाटेला जायचंच कशाला, आणि व्याज लावलं की तो आपला रीतसर हक्क समजून मागतो.

पाचवी तपासणी: नकारानंतरचे दोन दिवस

संबंध बिघडतो तो बहुतेक वेळा इथे. नाही म्हणल्यावर आपल्यालाच कसंतरी होतं, म्हणून आपण टाळतो, त्याला वाटतं ही रागावलीय, तोही टाळतो, आणि आठवडाभराने दोघं एकमेकांना फक्त ईमेल करतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाभरात आपणहून कामाचं काहीतरी घेऊन त्याच्या टेबलापाशी जायचं. मी ते क्रेडिट नोट घेऊन गेले. दहा वाजता टपरीवर नेहमीसारखं "चल चहा" म्हणाले आणि चहाची पाळी माझी होती म्हणून पैसे मी दिले. याबद्दल मला काही जणी विचारतात की चहा पाजला तर तो परत मागणार नाही का. नाही मागत, कारण चहा हा पाळीचा व्यवहार आहे, आज माझा उद्या त्याचा. पाळी मोडली तर मात्र त्याला कळतं की आपलं वागणं बदललं.

आणि ही गोष्ट तिसऱ्या माणसाला सांगायची नाही. "मला पण मागितले होते" हे वाक्य पॅन्ट्रीत एकदा निघालं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्यावर त्या मुलाचा हिशोब मांडला जातो. नकार माणूस चार दिवसांत विसरतो, चारचौघांत झालेली चर्चा तो विसरत नाही. माझ्या दुसऱ्या वेळेला बोलणं बंद झालं ते यामुळेच झालं.

सहावी: दुसरी वाट दाखवा, पण एकदाच

तारखांवरून दिसत असेल की हप्त्यांचा घोळ आहे, तर एकदा, एकट्याला, एवढं म्हणता येतं: "एचआरकडे पगाराचा ॲडव्हान्स मिळतो का विचारून बघ, आणि बँकेत जाऊन हप्त्याची तारीख पुढे-मागे होते का ते पण." पगार 1 ला आणि हप्ता 5 ला असताना 4 ला खातं रिकामं होत असेल तर हप्त्याची तारीख 2 करून घेतली तरी बराच फरक पडतो, पैसे खर्च व्हायच्या आधीच जातात. कारखान्यांमध्ये, सरकारी ऑफिसांत बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांची पतसंस्था असते, तिथे व्याज रीतसर असतं आणि हप्ता पगारातून कापला जातो.

आपण स्वतः जाऊन त्याच्या वतीने एचआरला सांगायचं नाही, कितीही चांगल्या हेतूने वाटलं तरी. ती त्याची खाजगी गोष्ट आहे.

माझ्या शेजाऱ्याने तारीख बदलून घेतली. 750 चे चार हप्ते आले, एप्रिलचा तीन दिवस उशिरा आला, मी आठवण केली नाही. जूनमध्ये त्याने सवयीने एकदा विचारलं, "ताई पाचशे..." आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "हां हां, राहूदे, ठरवलंयस तू."

इथे थांबा, आता हे तुमचं काम नाही

पुढचं काही दिसलं तर वाक्यं घासत बसू नका.

मागणारा तुमचा साहेब असेल किंवा तुमच्या अप्रेझलवर सही करणारा असेल, तर हा पदाचा दबाव झाला. एकदा नाही म्हणून बघा, परत मागितलं किंवा कामात त्रास सुरू झाला तर मेसेज जपून ठेवा आणि एचआरकडे लेखी द्या. तसंच तो हाउसकीपिंगच्या मावशींकडून, सिक्युरिटीवाल्या काकांकडून किंवा नवीन ट्रेनींकडून घेतोय असं नक्की कळलं तर. त्यांना नाही म्हणता येत नाही आणि त्यांचे पाचशे आपल्या पाचशेपेक्षा फार मोठे असतात. इथे मी वर सांगितलेला खाजगीपणाचा नियम बाजूला ठेवते.

त्याच्या कर्जाच्या ॲपवाल्यांचे फोन तुम्हाला यायला लागले तर घाबरून एक रुपयाही भरू नका. नुसता तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता म्हणून तुम्ही त्याच्या कर्जाला बांधील होत नाही. रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जासाठी जे नियम आहेत त्यात अशा ॲपला कर्जदाराच्या फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट बघायलाही मनाई आहे. धमकी किंवा शिवीगाळ झाली तर नंबर आणि मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर हेल्पलाइन 1930 किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करा. त्यालाही सांगा, कारण तुम्हाला फोन आलाय म्हणजे त्याला रोज वीस येत असणार.

आणि पैसे मागताना त्याच्या बोलण्यात जगण्याचाच कंटाळा यायला लागला, "संपवून टाकतो सगळं" असं काही निघालं, तर त्या क्षणी उसन्याचा विषय बाजूला. बोलून दाखवतो तो करत नाही असं समजू नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्या कुणाला तरी फोन लावा, आणि टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर त्याच्यासमोर लावून द्या, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. पैसे दिल्याने हे थांबत नाही.

उरला जामीन. हातउसने बंद झाले की पुष्कळदा पुढचा प्रश्न हाच येतो, "पैसे नको ताई, फक्त एक सही". पतसंस्थेच्या कर्जाला सहकाऱ्यांपैकी जामीनदार लागतात म्हणून. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, वेगळं काही ठरलं नसेल तर, म्हणजे आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या असं म्हणता येत नाही. आपल्या नावावर फोन हप्त्याने काढून देणं हे याच्याही पुढचं, तिथे कर्जदार आपणच असतो. सही झाली असेल आणि हप्ते थकायला लागले असतील तर वकील गाठा, आणि पतसंस्थेत स्वतः जाऊन थकबाकीचा आकडा लेखी मागा. सही झाली नसेल तर त्या फॉर्मलाही माझं उत्तर वरचंच असतं, ठरवलंय, कुणाशीच, आणि फॉर्म तसाच कोरा त्याच्या हातात परत.